क्रेन कलंडल्यावर विमा कंपनीला पहिलं पत्र

प्रश्न : माझा भाचा चाकणजवळ एका कारखान्याच्या शेडच्या कामावर प्रोजेक्ट मॅनेजर आहे. मध्यंतरी त्याच्या साइटवर लोखंडी राफ्टर उचलताना क्रेन कलंडली. कुणाच्या जिवावर बेतलं नाही, पण उभे केलेले खांब वाकले. त्या रात्री तो आमच्याकडे मुक्कामाला होता. विमा कंपनीला पाठवायचं पत्र त्याने तीन-चारदा लिहिलं आणि खोडलं. शेवटी गेलं ते जेमतेम पानभर, आणि क्रेन का पडली याचा त्यात पत्ताच नव्हता. विचारलं तर म्हणाला, "मामा, पहिल्या पत्रात कारण लिहायचं नसतं." मला ते पटलं नाही. कारण न सांगणं म्हणजे लपवणंच नाही का? आणि रात्रीच पाठवण्याची एवढी घाई कशासाठी? दोन-चार दिवस नीट चौकशी करून सविस्तर लिहिलं असतं तर काय बिघडलं असतं?
– एक वाचक, मंचर

उत्तर : आधी घाईचं बघू. ते समजलं की कारणाबद्दलच्या शंकेचं उत्तर निम्मं मिळतं.

लोखंडी सांगाड्याची शेड, यंत्रसामग्री, टाक्या, पाइपलाइन अशा जोडून उभ्या करायच्या कामांना 'इरेक्शन ऑल रिस्क' पॉलिसी घेतात. काँक्रीटच्या इमारतीला सहसा तिची बहीण, म्हणजे 'कॉन्ट्रॅक्टर्स ऑल रिस्क' पॉलिसी लागते. माल साइटवर उतरल्यापासून तो उभा राहून चाचणी होईपर्यंत अचानक आणि अनपेक्षितपणे झालेलं प्रत्यक्ष नुकसान ही पॉलिसी भरून देते. जी कारणं पॉलिसीत नाव घेऊन वगळलेली असतात, तेवढी सोडून. जर्मनीतल्या म्युनिक री या पुनर्विमा कंपनीने घडवलेला मसुदा जगभर चालतो आणि आपल्याकडच्या पॉलिसींची भाषाही बरीचशी त्याच वळणाची आहे. दाव्याला कारण ठरू शकेल अशी कुठलीही घटना घडली, तर विमाधारकाने काय करायचं हे त्यात स्पष्ट सांगितलं आहे. ताबडतोब फोनने आणि लेखी कळवायचं, नुकसान वाढू नये म्हणून हातात असेल ते सगळं करायचं, मोडलेल्या वस्तू जपून ठेवायच्या आणि कंपनीच्या माणसाला त्या पाहू द्यायच्या. घटनेपासून १४ दिवसांत सूचनाच मिळाली नाही तर कंपनी जबाबदार राहणार नाही, असंही एक वाक्य त्यात असतं.

या १४ दिवसांचा साइटवर फार चुकीचा अर्थ लावला जातो. 'अजून दोन आठवडे आहेत' असं म्हणून लोक निवांत बसतात. पण ती शेवटची हद्द आहे. खरं कर्तव्य 'ताबडतोब' या शब्दात आहे. उशीर झाला म्हणून प्रत्येक दावा फेटाळला जातो असंही नाही. विमा नियामकाने २० सप्टेंबर २०११ च्या परिपत्रकात कंपन्यांना बजावलं आहे की, टाळता न येण्याजोग्या कारणाने उशीर झाला असेल तर केवळ त्या मुद्द्यावर खरा दावा नाकारू नका. तरी कोर्टाच्या भरवशावर राहू नये. पुराच्या पाण्याने झालेल्या नुकसानीच्या एका प्रकरणात विमा कंपनीला जवळजवळ ४ महिन्यांनी कळवलं गेलं होतं. कंपनीने सर्व्हेयर नेमला आणि नंतर उशिराच्या मुद्द्यावर दावा नाकारला. सर्व्हेयर नेमला म्हणजे उशीर माफ केला असं होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सोनेल क्लॉक्स या खटल्यात म्हटलं. त्याआधी २०१६ मध्ये गलाडा पॉवरच्या खटल्यात विमाधारकाच्या बाजूने निकाल लागला होता, पण तिथे कंपनीने नकाराच्या पत्रात उशिराचा मुद्दा घेतलाच नव्हता. सर्व्हेयर दोन्हीकडे नेमला होता. फरक पडला तो नकाराच्या पत्रात काय होतं यावर.

कायद्याचा भाग इथे सोडतो, कारण घाईचं खरं कारण साइटवरच आहे. क्रेन कलंडली की दुसऱ्या दिवशी सकाळी तिला उचलायला दुसरी क्रेन येते. ती उभी करायला जागा लागते, म्हणून जमीन दाबून सपाट करतात. पहिल्या क्रेनचा पाय जिथे खचला तो खड्डा त्याच वेळी बुजतो. तुटलेली स्लिंग भंगाराच्या ढिगात जाते. लाकडी ठोकळे कुणीतरी दुसऱ्या कामाला नेतं. बऱ्याच क्रेनमध्ये भार किती, पल्ला किती हे दाखवणारं यंत्र असतं आणि काही मॉडेलमध्ये त्याची नोंद साठते, पण यंत्र पुन्हा चालू करून काम सुरू केलं की जुनी नोंद पुसली जाऊ शकते. सगळं असं पांगायच्या आत कुणीतरी तिऱ्हाइताने येऊन ते पाहिलं पाहिजे. सर्व्हेयर येतो तो सूचना पोहोचल्यावर. चार दिवसांनी सविस्तर पत्र लिहिलं असतं, तर त्यातला तपशील पडताळून पाहायला साइटवर काही उरलंच नसतं.

आता पत्र. तुमच्या भाच्याच्या साइटचे तपशील माझ्याकडे नाहीत, म्हणून तशाच एका कामाचं उदाहरण रचतो. शेड, क्रेन, आकडे सगळं कल्पनेतलं, पण प्रमाण खरंखुरं. प्रत्यक्षात हे पत्र बहुधा इंग्रजीतून ईमेलने जातं. वर पॉलिसी क्रमांक, मुदत, प्रकल्पाचं नाव आणि पत्ता, साइटवरच्या संपर्काच्या माणसाचा फोन. खाली मजकूर असा:

"विमाधारक कंत्राटदाराच्या वतीने कळवतो की, आज दुपारी ३ वाजून ४० मिनिटांच्या सुमारास प्रकल्पाच्या जागेवर, ग्रिड लाइन ७ आणि ८ यांच्या दरम्यान, छताचा राफ्टर ५० टनी मोबाइल क्रेनने उचलत असताना क्रेन डाव्या बाजूला कलंडली. राफ्टर आधी उभ्या केलेल्या दोन खांबांवर पडला. क्रेनच्या मागच्या डाव्या आउटरिगरखालची जमीन सुमारे ४० सेंटिमीटर खचलेली दिसते. घटनेचं कारण अद्याप निश्चित झालेलं नाही. चौकशी सुरू असून निष्कर्ष स्वतंत्रपणे कळवू.

प्रथमदर्शनी एक राफ्टर, दोन खांब, त्यांना जोडलेले पर्लिन आणि ब्रेसिंग वाकले आहेत. दोन खांबांचे पेडेस्टल तडकले आहेत आणि जमिनीवर रचून ठेवलेल्या छताच्या पत्र्यांचं नुकसान झालं आहे. नुकसानीचा प्राथमिक अंदाज २० ते २५ लाख रुपये असून तो सविस्तर तपासणीनंतर बदलू शकतो. क्रेनचं स्वतःचं नुकसान यात धरलेलं नाही. क्रेन भाड्याची आहे आणि तिच्या मालकाला लेखी कळवलं आहे.

एका रिगरच्या पायाला इजा झाली असून त्याच्यावर उपचार सुरू आहेत. शेजारच्या कंपनीच्या आवारभिंतीचा सुमारे ६ मीटर भाग पडला आहे.

जखमीला बाहेर काढण्यासाठी राफ्टरचा साधारण २ मीटरचा तुकडा गॅसने कापून बाजूला ठेवला आहे. त्याव्यतिरिक्त काहीही हलवलेलं नाही. जागा दोरी बांधून बंद केली आहे. ग्रिड ८ वरचे पर्लिन लोंबकळत असून धोकादायक आहेत. ते उद्या दुपारी १२ नंतर उतरवावे लागतील. त्याआधी सर्व्हेयर पाठवावा ही विनंती. तसं शक्य न झाल्यास सर्व बाजूंनी फोटो आणि मोजमापं घेऊन ते उतरवू आणि तिथेच जपून ठेवू."

बस्स, एवढंच. आता यात काय लपवलं आहे ते तुम्हीच बघा. आउटरिगरखालची जमीन खचली हे लिहिलं आहे. ते कंत्राटदाराला अडचणीचं ठरू शकतं, तरी लिहिलं आहे, कारण ते दिसतं. 'जमीन खचल्यामुळे क्रेन पडली' हे लिहिलेलं नाही, कारण ते अजून कुणालाच माहीत नाही. क्रेन आधी दुसऱ्या कारणाने तोल जाऊन झुकली आणि तिचा सगळा भार त्या एका पायावर आल्यामुळे जमीन खचली, असंही होऊ शकतं. आधी खड्डा की आधी झोल, हे शोधायचंच आहे. डोळ्यांना दिसलं ते सगळं सांगायचं आणि मनात आलं ते तपासल्याशिवाय सांगायचं नाही, ही पहिल्या पत्राची रीत आहे. तुमचा भाचा 'कारण लिहायचं नसतं' म्हणाला ते याच अर्थाने बरोबर आहे. मात्र त्याच्या पत्रात खड्ड्याचाही उल्लेख नसेल, तर तुमची शंका रास्त आहे.

अंदाज लिहिला की काय होतं ते याच उदाहरणात पाहा. अपघात झाल्यावर फोरमन सगळ्यात आधी जे बोलतो तेच पत्रात जाण्याची शक्यता असते, आणि क्रेनच्या बाबतीत ते बोलणं बहुतेक वेळा एकच असतं: 'ओव्हरलोड झालं.' समजा तसंच लिहिलं. आता हिशेब करू. राफ्टरचं वजन ५.२ टन, हुकचा ब्लॉक अर्धा टन, स्लिंगा आणि उचलायचा बीम मिळून ०.३ टन, म्हणजे एकूण ६ टन. क्रेनच्या मध्यापासून भार १४ मीटरवर होता आणि बूमच्या त्या लांबीला लोड चार्ट ८ टनांची परवानगी देतो. म्हणजे क्रेन क्षमतेच्या ७५ टक्क्यांवर काम करत होती. ओव्हरलोड नव्हतंच.

मग जमिनीकडे पाहू. अशा क्रेनचं स्वतःचं वजन साधारण ४० टन धरलं तर भारासह ४६ टन होतात. बूम एका कोपऱ्याकडे वळलेला असताना यातला तीन चतुर्थांश भाग त्या एकाच आउटरिगरवर येऊ शकतो असं धरायची पद्धत आहे. म्हणजे जवळजवळ ३५ टन. त्या पायाखाली १ मीटर लांब, १ मीटर रुंद एवढीच लाकडी मॅट होती, तर जमिनीवरचा दाब झाला चौरस मीटरला ३५ टन. चांगल्या मुरमाने तो कदाचित पेललाही असता. पण सर्व्हेयरने खड्ड्याच्या कडेला टिकाव मारून पाहिलं तर खाली सैल माती लागली. ड्रेनेजच्या पाइपासाठी खणलेला चर काही दिवसांपूर्वीच बुजवला होता आणि थराथराने दाबला नव्हता. अशा भरावाला चौरस मीटरला १० टन हीसुद्धा उदार मोजणी झाली. तिथे किमान साडेतीन चौरस मीटरची मॅट हवी होती, किंवा क्रेन चरापासून दूर उभी करायला हवी होती.

'ओव्हरलोड' असं पत्रात गेलं असतं, तर आता विमाधारकाचं पहिलं निवेदन आणि साइटवरचा पुरावा एकमेकांविरुद्ध उभे राहिले असते. सर्व्हेयर म्हणून मी जी पत्रं वाचली, त्यांत माझा विश्वास उडाला तो कबुली देणाऱ्या पत्रांमुळे नव्हे, तर ठामपणे लिहिलेल्या आणि पुढे खोट्या ठरलेल्या कारणांमुळे. एक विधान खोटं निघालं की मग वजनाच्या पावत्या, तपासणीच्या तारखा, मजुरांचे जबाब सगळंच पुन्हा तपासावं लागतं. दावा महिनोन्महिने रेंगाळतो तो तिथे.

कारण लिहायला लोक कचरतात त्यामागे आणखी एक समज असतो, आणि तो बऱ्याच अंशी चुकीचा आहे. 'आपल्या माणसाची चूक निघाली तर पैसे मिळणार नाहीत' असं साइटवर सगळेच धरून चालतात. या पॉलिसीत वगळलेल्या कारणांची यादी वाचा. सदोष डिझाइन, सदोष माल किंवा ओतकाम, आणि उभारणीतली चूक सोडून इतर निकृष्ट कारागिरी यांचा खर्च वगळलेला असतो. उभारणी करतानाची चूक, ऑपरेटरचा अंदाज चुकणं, रिगरचं दुर्लक्ष ही तर या विम्याची मुख्य जोखीमच आहे. तिच्यासाठीच हप्ता भरलेला असतो. वगळलेला असतो तो विमाधारकाने किंवा त्याच्या जबाबदार प्रतिनिधीने जाणूनबुजून केलेला निष्काळजीपणा. चर कच्चा बुजवला आहे हे क्रेन उभी करणाऱ्याला माहीत नसणं वेगळं. सुरक्षा अधिकाऱ्याने लेखी मनाई केली असताना प्रोजेक्ट मॅनेजरने 'उचला, मी बघतो' म्हणणं वेगळं. दुसरी गोष्ट घडली असेल तर ती पत्रात न लिहिल्याने नाहीशी होत नाही, कारण मनाईचा कागद साइटच्या रजिस्टरमध्ये असतोच. तो कागद दडवणं मात्र सरळ फसवणूक आहे आणि त्याने आख्खा दावा बुडतो.

पत्रातल्या एका वाक्यावर माझा विशेष जीव आहे. 'राफ्टरचा तुकडा गॅसने कापून बाजूला ठेवला आहे.' माणूस अडकला असेल तर लोखंड कापायलाच हवं, त्यासाठी कुठल्याही विमा कंपनीची परवानगी लागत नाही आणि तसं कुणी विचारतही नाही. पण काय कापलं, कुठे ठेवलं हे लिहिलं नाही, तर नंतर ती गॅसने कापलेली कड पाहून 'पुरावा मोडला' हा संशय येतो. पर्लिन उतरवण्याची वेळ कळवली आहे तीही याचसाठी. कंपनीला कळवल्यावर किरकोळ दुरुस्ती विमाधारक करू शकतो. मोठ्या दुरुस्तीआधी कंपनीच्या माणसाला पाहणीची संधी द्यावी लागते. वाजवी वेळेत कुणी आलंच नाही, तर काम पुढे नेण्याचा हक्क पॉलिसीच देते. मात्र 'आम्ही वाट पाहिली' हे सिद्ध करायला वेळ लिहिलेलं पत्र हातात लागतं. फोनवरच्या बोलण्याचा इथे उपयोग होत नाही. एजंटला किंवा ब्रोकरला व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो टाकले म्हणजे सूचना दिली, असं मानणारेही पुष्कळ आहेत. पत्र विमा कंपनीच्या नावाने, पॉलिसीवर दिलेल्या पत्त्यावर आणि ईमेलवर गेलं पाहिजे, ब्रोकरला फक्त प्रत. जोखीम दोन-तीन कंपन्यांनी वाटून घेतली असेल तर मुख्य कंपनीला पत्र आणि इतरांना प्रती.

क्रेनबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण सर्वांत मोठा आकडा बहुतेक वेळा तिचाच असतो. बूम वाकलेला, केबिन चेपलेली, दुरुस्तीचा खर्च शेडच्या नुकसानीपेक्षाही जास्त. तरीही क्रेन आपोआप या पॉलिसीत येत नाही. उभारणीची यंत्रं स्वतंत्र रक्कम देऊन यादीत नोंदवलेली असतील तरच ती येतात. एरवी तिचा विमा तिच्या मालकाने 'कॉन्ट्रॅक्टर्स प्लांट अँड मशिनरी' पॉलिसीखाली घेतलेला असतो आणि त्याची सूचना त्याने त्याच्या कंपनीला द्यायची असते. म्हणून प्रोजेक्ट मॅनेजरचं त्या रात्रीचं दुसरं पत्र क्रेनमालकाला जातं. त्यात घटना कळवायची, तुमच्या विमा कंपनीला सांगा असं लिहायचं, ऑपरेटरची कागदपत्रं, क्रेनचं तपासणी प्रमाणपत्र आणि लोड चार्टची प्रत मागायची, आणि भाडेकरारातले आपले हक्क राखून ठेवत आहोत हे नोंदवायचं.

ही शेवटची ओळ लोक विसरतात आणि ती फार महागात पडते. विमा कंपनी आपलं नुकसान भरून देते तेव्हा ज्याच्या चुकीने ते झालं त्याच्याकडून वसुलीचा आपला हक्क तिच्याकडे जातो. क्रेनमालक रोजच्या व्यवहारातला, ओळखीचा. तो येऊन म्हणतो, 'साहेब, या महिन्याचं भाडं सोडतो, आपण एकमेकांवर काही काढायचं नाही.' प्रोजेक्ट मॅनेजर हो म्हणतो, सही करतो आणि विमा कंपनीच्या वसुलीचा रस्ता तिथेच बंद होतो. मग कंपनी त्याचा जाब दाव्यातच विचारते.

पडलेल्या आवारभिंतीचंही तसंच. तिचा भार पॉलिसीच्या दुसऱ्या विभागावर, म्हणजे तिऱ्हाइताच्या नुकसानीवर येतो. तिथे अट अशी की कंपनीच्या लेखी संमतीशिवाय कुणालाही कबुली, आश्वासन किंवा पैसे द्यायचे नाहीत. शेजारच्या कंपनीचा सिक्युरिटी ऑफिसर संतापून आला तर त्याला पाणी द्यावं, तक्रार लेखी घ्यावी, उघड्या जागेवर आपल्या खर्चाने तात्पुरते पत्रे ठोकावेत. 'आठ दिवसांत नवी भिंत बांधून देतो' हे मात्र त्या दिवशी बोलू नये. जखमी रिगरची भरपाई या विभागातही येत नाही, कारण प्रकल्पावर काम करणारी माणसं तिऱ्हाईत धरली जात नाहीत. त्याची सूचना कामगार नुकसानभरपाईच्या वेगळ्या पॉलिसीखाली द्यावी लागते. पोलिसांना आणि कामगार खात्याच्या अधिकाऱ्याला द्यायच्या खबरीही स्वतंत्र आहेत. विमा कंपनीला पत्र गेलं म्हणून त्या चुकत नाहीत.

उरला २० ते २५ लाखांचा अंदाज. पहिल्या रात्री कुठून आला हा आकडा? वाकलेल्या लोखंडाच्या वजनावरून. राफ्टर ५.२ टन, दोन खांब ७ टन, पर्लिन आणि ब्रेसिंग ३ टन, एकूण १५.२ टन. घडाईसह टनाला १ लाख धरले तर १५.२ लाख. पुन्हा उभारणीला टनाला १५ हजार म्हणजे साधारण २.३ लाख, पेडेस्टलचे १.५ लाख, पत्र्यांचे १.५ लाख. बेरीज २०.५ लाख, आणि न दिसलेल्या नुकसानीसाठी वर थोडी जागा. आकडा मुद्दाम फुगवायचा नाही आणि 'नुकसान किरकोळ आहे' असंही लिहायचं नाही. वाकलेला एखादा बोल्ट दुसऱ्या आठवड्यात सापडतो आणि मग आपलंच पत्र आपल्या अंगावर येतं.

हातात पडणारी रक्कम मात्र याहून बरीच कमी असते, आणि तिची कल्पना साइटवर कुणालाच नसते. वाकलेलं लोखंड भंगारात जातं, त्याचे समजा ४.५ लाख वजा, राहिले १६ लाख. या शेडचा विमा ८ कोटींचा घेतला होता. मालकाने मध्येच एक बे वाढवली, लोखंड महागलं, आणि पूर्ण झाल्यावर तिची किंमत १० कोटी होणार आहे. विम्याची रक्कम पूर्ण कामाच्या किमतीएवढी हवी, ही पॉलिसीची अट आहे. ती ८० टक्केच आहे म्हणून भरपाईही ८० टक्के, १२.८ लाख. त्यातून पॉलिसीत ठरलेली वजावट समजा २ लाख, हातात १०.८ लाख. ढिगारा कापून, उचलून साइट मोकळी करायचा खर्च वेगळा नोंदवलेला नसेल तर तोही पदरचा. हे पहिल्या पत्राने बदलत नाही. जादा बे ठरली त्या दिवशी विमा कंपनीला कळवून जादा हप्ता भरला असता, तर भरपाई ३.२ लाखांनी जास्त मिळाली असती. त्याच फाइलमध्ये पॉलिसीची मुदतही पाहून ठेवावी. कामं लांबतात आणि मुदत वाढवायची राहून जाते. मुदत संपल्यावर पडलेल्या क्रेनसाठी कितीही चांगलं पत्र लिहिलं तरी उपयोग नाही.

आता तुमच्या लपवण्याच्या शंकेकडे पुन्हा येतो, कारण ती अर्धीच सुटली आहे. पहिल्या पत्रात कारण नसणं योग्य आहे, पण त्यात 'निष्कर्ष स्वतंत्रपणे कळवू' असं वचन आहे. ते पाळलं नाही तर तुम्ही म्हणता तेच खरं ठरतं. चौकशी आटोपली की दुसरं पत्र गेलं पाहिजे. त्यात चर कुणी खणला, कोणत्या तारखेला बुजवला, दाबल्याची चाचणी झाली होती का, क्रेनची जागा कुणी ठरवली, मॅट किती मोठी होती, लोड चार्टप्रमाणे हिशेब काय येतो, हे सगळं यायला हवं. सोबत त्या दिवशीचा कामाचा परवाना, ऑपरेटर आणि रिगर यांचे जबाब, खड्ड्याचा मोजमापांसह नकाशा. आपल्या बाजूचं कमी पडलं असेल तर तेही त्यात हवं. भाच्याला एवढंच विचारा: ते दुसरं पत्र गेलं का? गेलं नसेल, तर सर्व्हेयरचा अहवाल निघायच्या आत जाऊ दे.